बंद पडला की बंद पडतो?

मिक्सरबद्दल एक ग्राहक लिहितो, 'ओलं खोबरं वाटताना बंद पडतो.' दुसरी ग्राहक लिहिते, 'ओलं खोबरं वाटताना बंद पडला.' दोन वाक्यांत फरक फक्त शेवटच्या अक्षराचा आहे. पण पहिल्या घरातला मिक्सर बहुधा शाबूत आहे. घरगुती मिक्सरच्या तळाशी एक लहानसं बटण असतं, बहुतेक वेळा लाल रंगाचं. मोटरवर फार भार आला की आतला संरक्षक स्विच वीज तोडतो, ते बटण बाहेर येतं आणि मिक्सर थांबतो. काही मिनिटं थंड होऊ दिला आणि बटण आत दाबलं की तो पुन्हा चालतो. 'बंद पडतो' असं लिहिणाऱ्याच्या घरी हे अनेकदा घडलेलं आहे, म्हणजे दर वेळी मिक्सर पुन्हा चालूही झालेला आहे. 'बंद पडला' लिहिणाऱ्या बाईंचा मिक्सर मात्र तेव्हापासून ओट्यावर तसाच पडून असू शकतो. त्यांची मोटर जळाली असेल, किंवा त्या लाल बटणाबद्दल त्यांना कुणी सांगितलंच नसेल.

कंपनीसाठी ही वेगवेगळी कामं आहेत. मोटर जळत असेल तर कारखान्यात पाहावं लागेल. मोटर वारंवार थांबत असेल तर ती ओल्या खोबऱ्याच्या भाराला कमी पडते का, हे तपासावं लागेल. बटण माहीत नसेल तर खोक्यातल्या माहितीपत्रकात एक चित्र छापलं की भागतं. पण मुख्य कार्यालयात मराठी वाचणारं कुणी नसलं, तर तिथे पोचतो तो इंग्रजी तक्ता. त्यात दोन्ही वाक्यांसमोर 'स्टॉप्ड वर्किंग' एवढंच लिहिलेलं असतं. मग 'नादुरुस्त मिक्सर' असा एकच मोठा गट तयार होतो आणि बैठकीत मोटरवर चर्चा सुरू होते.

महाराष्ट्रात माल विकणाऱ्या कंपन्यांकडे मराठी प्रतिक्रिया खरेदीच्या संकेतस्थळावरून, दुरुस्तीनंतर पाठवलेल्या संदेशाच्या उत्तरातून, व्हॉट्सॲपवरून, दुकानात भरून घेतलेल्या कागदांवरून येतात. त्यांचं पुढे काय करायचं याची एक रूढ रीत आहे. सगळ्या प्रतिक्रिया आधी इंग्रजीत आणायच्या आणि मग इंग्रजी वाचून त्यांचे विषयवार गट पाडायचे. माझ्या मते हा क्रम उलटा आहे. गट मराठी वाचूनच पाडले पाहिजेत आणि भाषांतर शेवटी यायला हवं. का, ते एका नमुन्यावरून दाखवतो. यातली कंपनी कल्पित आणि आकडे सोयीसाठी घेतलेले आहेत. मात्र प्रतिक्रियांचा बाज मराठी घरांतून येणाऱ्या मजकुराचाच ठेवला आहे.

समजा, एका मिक्सरबद्दल सहा महिन्यांत १,२०० मराठी प्रतिक्रिया जमल्या आणि त्या एका तक्त्यात आल्या. पहिलं काम म्हणजे प्रत्येक ओळीला क्रमांक देणं आणि मूळ मजकुराच्या रकान्याला कुलूप लावणं. त्या रकान्यात कुणी शुद्धलेखनाची दुरुस्तीसुद्धा करू नये. जी काही साफसफाई करायची ती शेजारच्या रकान्यात करावी. सोबत तारीख, मॉडेल, दिलेले तारे आणि प्रतिक्रिया कोणत्या प्रश्नाला उत्तर म्हणून आली ते ठेवावं. हा शेवटचा रकाना बहुतेक जण गाळतात आणि नंतर अडतात. कारण 'आलाच नाही' एवढीच प्रतिक्रिया असेल, तर न आलेला तो मिक्सर होता की दुरुस्तीवाला, हे वाक्यात कुठेच नसतं. मराठीत कर्ता बिनदिक्कत गाळता येतो. क्रियापदावरून फक्त तो पुल्लिंगी आहे एवढं कळतं. इंग्रजीत मात्र कर्ता लिहावाच लागतो. मग भाषांतर करणारा अंदाजाने 'ही' किंवा 'इट' लिहून मोकळा होतो आणि तो अंदाज पुढे वस्तुस्थिती म्हणून मोजला जातो. प्रश्न दुरुस्तीसेवेबद्दल होता हे समोर असेल, तर अंदाज करायची वेळच येत नाही.

लोक मजकुरात आपला फोन नंबर, पत्ता, कधी शेजाऱ्याचंही नाव लिहितात, कारण कुणीतरी उलट फोन करील अशी त्यांना आशा असते. तक्ता भाषांतरासाठी बाहेर जाण्याआधी हे सगळं झाकलं पाहिजे. २०२३ चा डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा आहेच, पण तो नसता तरी ते करायला हवंच होतं. आणि ज्याने फोन करा म्हटलंय, त्याची ओळ वेगळी काढून सेवा विभागाकडे त्याच दिवशी द्यावी. त्याला गटवारीत रस नाही, त्याला मिक्सर चालू करून हवा आहे.

लिपीचा घोळ मात्र सावकाश निस्तरावा लागतो. देवनागरीत आलेला मजकूर चुकीच्या संकेतनात उघडला तर अक्षरांऐवजी भलतीच चिन्हं दिसतात. फाइल यूटीएफ-८ म्हणून उघडली की बहुधा ती नीट दिसते. 'दुसऱ्यांदा' या शब्दातला 'ऱ्य' संगणकात दोन वेगवेगळ्या प्रकारे साठवला जातो. डोळ्यांना दोन्ही सारखे दिसतात, पण एका प्रकाराने शोध घेतला तर दुसऱ्या प्रकारचे शब्द सापडत नाहीत. 'दुसऱ्यांदा बंद पडला' अशा तक्रारी मोजायच्या असतील तर आधी सगळीकडे एकच रूप करून घ्यावं लागतं.

याहून अवघड असते ती रोमन अक्षरांत लिहिलेली मराठी, आणि फोनवरून आलेल्या प्रतिक्रियांत ती भरपूर असते. तिथे 'ळ' आणि 'ल' एकच होतात आणि ऱ्हस्व-दीर्घाचा पत्ता नसतो. मिक्सरच्या बाबतीत तर एक खास पेच आहे. जे, ए, आर ही तीन अक्षरं 'जर' अशीही वाचता येतात आणि 'जार' अशीही. 'जर गरम झाला तर बंद पडतो' हे वाक्य मोटर तापण्याबद्दल आहे. 'जार गरम झाला तर बंद पडतो' असं वाचलं तर भांड्याबद्दल. इथे 'तर' सोबत असल्याने मराठी माणूस 'जर' वाचण्याकडे झुकेल, पण यंत्राला किंवा मराठी न येणाऱ्याला ते सुचेलच असं नाही. म्हणून अशा ओळी आधी देवनागरीत उतरवून घ्याव्यात. ज्या दोन प्रकारे वाचता येतात त्यांवर तशी खूण करावी.

आता गटवारी. 'डिलिव्हरी वेळेत, मिक्सर भारी, पण आवाज फार आणि झाकणातून गळतं' ही एक प्रतिक्रिया आहे, पण त्यात चार विधानं आहेत आणि ती चार वेगळ्या विषयांत जातात. प्रतिक्रिया अखंड ठेवून तिला एकच विषय दिला तर उरलेली तीन विधानं हरवतात, आणि हरवतात ती बहुधा वाक्याच्या शेवटी 'पण' नंतर येणारी. आपल्याकडे लोक आधी बरं बोलतात आणि खरं दुखणं शेवटी सांगतात. त्यामुळे प्रत्येक प्रतिक्रिया विधानांत तोडून घ्यावी. आपल्या १,२०० प्रतिक्रियांतून समजा १,९०० विधानं निघाली. मोजणी त्यांची होते.

विषयांची यादी टेबलाशी बसून तयार करायची नाही. १,२०० पैकी कोणत्याही दीडदोनशे प्रतिक्रिया चिठ्ठ्या टाकून निवडाव्यात, मराठीत वाचाव्यात आणि प्रत्येक विधानासमोर ग्राहकाच्याच शब्दांत छोटं नाव लिहावं: 'कूट जाडसर राहतो', 'वायसर सैल', 'जळका वास', 'माणूस येतो पण पार्ट आणत नाही', 'फोनवर नुसती टोलवाटोलवी'. वाचता वाचता नवी नावं सुचेनाशी झाली की थांबावं आणि सारखी नावं एकत्र आणावीत. हे मराठीत करण्याचा फायदा इथेच दिसतो. 'माणूस आला नाही', 'माणूस आला पण पार्ट नव्हता', 'आधी पैसे मागितले' आणि 'एकाने दुसऱ्याचा नंबर दिला' या चार तक्रारी घाईच्या इंग्रजी भाषांतरात 'बॅड सर्व्हिस' होऊन बसतात. मूळ मजकुरात त्या चार वेगळ्या जागी बोट ठेवतात: माणसांची संख्या, सुट्या भागांचा साठा, पैशांचा नियम आणि फोन घेणारी यंत्रणा.

मग प्रत्येक विषयाची व्याख्या लिहायची. व्याख्येत काय येतं याइतकंच काय येत नाही हेही लिहायला हवं. आपल्या मिक्सरसाठी पहिली व्याख्या अशी होईल: 'मध्येच थांबतो. वाटण चालू असताना थांबून नंतर पुन्हा चालणारा मिक्सर. कायमचा बंद असल्यास इथे घेऊ नये.' दुसरी: 'चालतच नाही. एकदा बंद पडल्यावर पुन्हा चालू न झालेला मिक्सर.' विषय आणि भाव यांचे रकाने वेगळे ठेवावेत. 'आवाज' हा विषय आहे. 'आवाज अजिबात नाही' म्हणणारा खूश आहे आणि 'शेजारी उठतात' म्हणणारा वैतागलेला, पण दोघांचा विषय एकच.

ही व्याख्या कामाची आहे की नाही, ते दोन माणसांनी एकमेकांना न विचारता तीच विधानं वाचली की कळतं. समजा त्यांच्यासमोर मिक्सर थांबण्याविषयीची आणि इतर मिळून १०० विधानं आहेत आणि प्रश्न एकच आहे: हे 'मध्येच थांबतो' मध्ये जातं की नाही? पहिल्याने २० विधानांना हो म्हटलं, दुसरीनेही २० विधानांनाच. दोघांचं हो जुळलं १४ ठिकाणी आणि नाही जुळलं ७४ ठिकाणी. म्हणजे १०० पैकी ८८ ठिकाणी एकमत. आकडा छान दिसतो, पण फसवा आहे. दोघांनी न वाचता, नुसत्या चिठ्ठ्या टाकून २०-२० विधानं निवडली असती तरी सुमारे ६८ ठिकाणी मत जुळलं असतं, कारण बहुतेक विधानांना उत्तर 'नाही' असंच आहे. म्हणजे वाचून मिळवण्यासारखी जागा होती ३२ ची आणि त्यातली २० मिळाली. २० भागिले ३२ म्हणजे साधारण ०.६३. या मापाला कप्पा म्हणतात. जेकब कोहेन यांनी ते १९६० साली मांडलं. ०.६३ वाईट नाही, पण एवढ्यावर मोटरबद्दल निर्णय घ्यावा असंही नाही.

खरा उपयोग आकड्यापेक्षा न जुळलेल्या बारा विधानांचा आहे. ती समोर ठेवून दोघांनी बसायचं. आपल्या नमुन्यात त्यांतली बहुतेक विधानं नुसती 'बंद पडला' किंवा 'बंद पडला दोनदा' अशी निघतील. त्यांतली काही पहिल्या वाचकाने कायमच्या बंदमध्ये टाकली आणि दुसरीने मध्येच थांबणाऱ्यांत, काहींच्या बाबतीत याच्या उलट झालं. दोघांचाही दोष नाही. माहितीच अपुरी आहे. मग नियम ठरतो. 'दोनदा', 'परत', 'सारखा' असा शब्द असेल तर मध्येच थांबतो. काहीच खूण नसेल तर तिसरा विषय: 'बंद, पुढचं कळत नाही.' या तिसऱ्या विषयाला फार जपावं. तो नसेल तर वाचणारा अंदाज करतो आणि तोच अंदाज पुढे इंग्रजी तक्त्यात पक्का आकडा म्हणून उभा राहतो. आणि हा गट मोठा निघाला तर तोही एक निष्कर्षच आहे: कंपनीने विचारलेल्या प्रश्नातच 'पुन्हा चालू झाला का?' हे विचारायचं राहिलं आहे.

सगळी विधानं विषयांत बसली की 'इतर' नावाच्या टोपलीत डोकवावं. तिथे दहातलं एखादंच विधान असेल तर ठीक. चारपाच असतील तर यादी अपुरी आहे आणि एखादा विषय तिथे दडून बसला आहे.

आता भाषांतर, आणि तेही सगळ्यांचं नाही. विषयांची नावं, त्यांच्या व्याख्या आणि प्रत्येक विषयातल्या पाचसहा बोलक्या प्रतिक्रिया जपून इंग्रजीत आणाव्यात. उरलेल्या शेकडो ओळींचं कच्चं इंग्रजी यंत्राकडून करून घ्यायला हरकत नाही. गूगल शीट्समध्ये त्यासाठी सूत्र आहे:

```
=GOOGLETRANSLATE(B2,"mr","en")
```

यात बी-२ म्हणजे मूळ मराठी मजकुराची जागा. हे कच्चं इंग्रजी शोधायला, चाळायला उपयोगी पडतं. त्यावरून गट पाडू नयेत, कारण त्याच्या चुका ठराविक जागी होतात आणि मोजणीत एकाच बाजूला साचतात. 'मिक्सर भारी आहे' हे कौतुक वजनाची तक्रार होऊ शकतं. 'कडक' आणि कोल्हापूरकडचं 'नाद खुळा' या शाबासक्यांचंही काही खरं नसतं. उपरोधाचं तर त्याहून अवघड: 'वा, काय सर्व्हिस आहे, तीन आठवडे झाले' यातला पहिला अर्धा भाग स्तुती म्हणून नोंदला जातो. शंका आली की तारे पाहावेत, पण तेही सावधपणे, कारण पाच तारे देऊन खाली तक्रार लिहिणारे बरेच असतात. तारे आणि मजकूर जुळत नाहीत अशा सगळ्या ओळी माणसाने वाचाव्यात.

जपून करायच्या भाषांतरात एक पथ्य आहे. ग्राहक जेवढं बोलला तेवढंच लिहायचं. 'बरा आहे' ही पुष्कळदा अर्धवट नाराजी असते. तिचं 'गुड' करू नये. 'पैसे पाण्यात गेले' मध्ये पाणी शब्दशः नेऊ नये, पण त्याचं नुसतं 'नॉट सॅटिस्फाइड' करून राग पुसूही नये. आणि क्रियापदाचा काळ जसाच्या तसा जपावा. 'बंद पडतो' चं इंग्रजी 'कीप्स कटिंग आउट' असं केलं, तर तक्ता वाचणाऱ्या इंजिनियरला लाल बटण आपोआप आठवेल.

भाषांतर जमलं की नाही याची एक सोपी परीक्षा आहे. मराठी न येणाऱ्या सहकाऱ्याला फक्त इंग्रजी प्रतिक्रिया आणि विषयांच्या इंग्रजी व्याख्या द्याव्यात आणि त्याला गट पाडायला सांगावं. मराठी वाचून जो विषय दिला होता तोच इंग्रजी वाचून मिळतो का, ते ताडून पाहावं. जिथे मिळत नाही तिथे बहुधा भाषांतर ढिलं आहे. 'मध्येच थांबतो' मधली विधानं तो 'चालतच नाही' मध्ये टाकू लागला, तर आपण क्रियापद सांडलं हे लगेच दिसतं. मराठी आणि इंग्रजी शेजारीशेजारी वाचून ही चूक सहसा सापडत नाही, कारण दोन्ही भाषा येणारा माणूस इंग्रजीतली उणीव मराठीतून नकळत भरून काढतो.

शेवटी अहवाल, आणि त्यात दोन गोष्टी उघडपणे लिहाव्यात. पहिली: आकडे लिहिणाऱ्यांचे आहेत, सगळ्या ग्राहकांचे नाहीत. १,९०० विधानांपैकी समजा २६० 'मध्येच थांबतो' मध्ये गेली, तर 'चौदा टक्के मिक्सर मध्येच थांबतात' असं म्हणता येत नाही. ज्याचा मिक्सर निमूट चालतो तो लिहायला बसत नाही. हा आकडा तुलनेला चालतो: मागच्या सहा महिन्यांपेक्षा वाढ आहे का, एका मॉडेलमध्ये जास्त आहे का. दुसरी: काही विषय संख्येने क्रमवारीत लावायचेच नसतात. 'हात लावला की झिणझिण्या येतात', 'शॉक बसला' अशी तीनच विधानं असतील, तरी ती अहवालाच्या पहिल्या पानावर, मूळ मराठी वाक्यांसह गेली पाहिजेत. २६० लोकांची चटणी खोळंबते. त्या तिघांच्या जिवाला धोका आहे.

आणि प्रत्येक इंग्रजी प्रतिक्रियेशेजारी मूळ मराठी ओळ आणि तिचा क्रमांक असावा. कुणालाही शंका आली तर मागे जाऊन पाहता यावं.

वाचकांपैकी जे अशा प्रतिक्रिया लिहितात त्यांना एक विनंती. वस्तू बिघडली तर काय करताना बिघडली, किती वेळ चालवल्यावर बिघडली आणि नंतर पुन्हा चालू झाली का, एवढ्या तीन गोष्टी मराठीतच, सवडीने लिहा. आणि मिक्सर थांबला असेल तर लिहिण्याआधी प्लग काढा, तो उलटा करा आणि तळाचं लाल बटण पाहा.